बाळ ‘निगेटिव्ह’, तरी डीसीटी ४+: नवजाताच्या रक्तविघटनात ही टेस्ट नेमकं काय सांगते

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी रक्तपेढीत रात्रपाळीला असतो, डीएमएलटी होऊन दोन वर्षं झाली. परवा एका बाळाच्या नाळेचं रक्त आलं. आई बी निगेटिव्ह, वडील बी पॉझिटिव्ह, हे दुसरं बाळ. बाळाचा गट बी निगेटिव्ह निघाला, पण डीसीटी ४+. ड्यू केली तर तीही ४+. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, बाळ निगेटिव्ह असेल तर डीसीटी पॉझिटिव्ह कशी, एक रिपोर्ट चुकलाय. परत केलं, परत तेच. डीसीटी नेमकी काय पकडते आणि यात चुकलं काय?

उत्तर:

डीसीटी, म्हणजे डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, बरोबर आहे; बहुधा गट चुकलाय. तुमच्या हातून चुकलाय असं नाही. डी म्हणजे गट पॉझिटिव्ह ठरवणारा पेशीवरचा पदार्थ; बाळाच्या पेशींवरच्या डीच्या जवळपास सगळ्या जागा आईच्या अँटी-डीने आधीच अडवून ठेवल्या असणार, त्यामुळे तुम्ही ट्यूबमध्ये घातलेल्या अँटी-डीला टेकायला जागा मिळाली नाही. रक्तपेढीत याला ‘ब्लॉक्ड डी’ म्हणतात. मी पंचवीस वर्षांत मोजून चारदा पाहिलंय, आणि चारही वेळा पहिली प्रतिक्रिया तुमच्या डॉक्टरांचीच होती: परत करा.

हे पटवून द्यायचं तर डीसीटी काय पाहते इथून सुरुवात करावी लागते.

गट करताना आपण जे अँटी-डी वापरतो ते आजकाल बहुतेक आयजीएम प्रकारची अँटीबॉडी असतं. मोठा रेणू, दहा हात. एका हाताने ही पेशी, दुसऱ्या हाताने ती पेशी धरतो आणि सलाईनमध्येच गुठळी होते. आयजीजीला हे जमत नाही. तांबड्या पेशींच्या अंगावर सियालिक आम्लाचा ऋण प्रभार असतो, म्हणून त्या एकमेकींना ढकलतात आणि सलाईनमध्ये त्यांच्यात साधारण २५ नॅनोमीटरचं अंतर राहतं. आयजीजीचा पसारा जेमतेम १४. त्यामुळे तो पेशीवर बसतो, पण पलीकडच्या पेशीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. पेशीवर हजारो आयजीजी बसलेले असले तरी ट्यूब हलवली की सगळं सुटं, गुळगुळीत. डोळ्याला काही दिसत नाही.

आणि वारेतून बाळाकडे जातं ते आयजीजीच. आयजीएम जात नाही. म्हणजे बाळाला त्रास देणारी अँटीबॉडी नेमकी तीच, जी साध्या ट्यूबमध्ये दिसत नाही. १९४५ साली केंब्रिजमध्ये कूम्ब्स, मूरंट आणि रेस या तिघांनी यावर जो उपाय काढला तो आपण अजून तसाच वापरतो. सशाला माणसाचं ग्लोब्युलिन टोचलं, सशाने त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केली. ही माणसाच्या अँटीबॉडीविरुद्धची अँटीबॉडी म्हणजे आपलं एएचजी किंवा कूम्ब्स सिरम. लेप चढलेल्या दोन पेशी एकमेकींपर्यंत पोचत नसतील तर मधला पूल हे सिरम बांधतं: एक हात या पेशीवरच्या आयजीजीच्या शेपटीला, दुसरा त्या पेशीवरच्या. पुढच्याच वर्षी त्यांनी ही पद्धत रक्तविघटन झालेल्या बाळांच्या पेशींवर लावून दाखवली. डायरेक्ट कूम्ब्सचा पहिला मोठा उपयोग बाळांसाठीच झाला.

‘डायरेक्ट’ म्हणजे एवढंच, की लेप शरीरातच चढलेला आहे. आपण ट्यूबमध्ये काही चढवत नाही, उबवत नाही. पेशी घ्यायच्या, धुवायच्या, एएचजी घालायचं, वाचायचं. आयसीटीत, म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्समध्ये, उलट: आईच्या सिरममध्ये सुटी अँटीबॉडी आहे का ते बघण्यासाठी आपण ओ गटाच्या पेशी तिच्या सिरमसोबत ३७ अंशांवर ठेवतो आणि मग एएचजी घालतो. आईची आयसीटी, बाळाची डीसीटी. डॉक्टर फॉर्मवर कधी कधी दोन्ही एकाच नावाने लिहितात, तेव्हा फोन करून विचारलेलं बरं.

ट्यूब पद्धतीत पेशीमागे शंभर ते पाचशे आयजीजी रेणू असले तरच गुठळी दिसते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. डी पॉझिटिव्ह माणसाच्या एका पेशीवर डीच्या जागा असतात साधारण दहा ते तीस हजार. म्हणजे त्यातल्या थोड्याशा जरी भरल्या तरी डीसीटी बोलते. जवळपास सगळ्या भरल्या की डीसीटी ४+ येते, आणि गटाची टेस्ट गप्प बसते.

आता तुमच्या ट्यूबकडे येऊ. बाळाच्या पेशींचं ३ ते ५ टक्के सस्पेन्शन, एक थेंब. ट्यूब सलाईनने भरून सेंट्रिफ्यूज, ओतून टाकणं, पुन्हा भरणं, असं तीन-चारदा. शेवटी ट्यूब उलटी करून तोंड टिपकागदावर टेकवायचं, म्हणजे उरलेला थेंबही जातो. लगेच एएचजीचे दोन थेंब, हलकेच मिसळून सेंट्रिफ्यूज, आणि पेशींचं बटण हळू हलवत वाचन. ४+ म्हणजे बटण एका अखंड चकतीसारखं सुटतं आणि भोवतीचं पाणी स्वच्छ राहतं. १+ म्हणजे बारीक रवाळ कण आणि मागे गढूळ लाल. निगेटिव्ह म्हणजे तळातून धुरासारखी एक रेघ उठते आणि सगळं एकजीव होतं. ट्यूब झटकून वाचणाऱ्या माणसाला १+ कधीच दिसत नाही, कारण त्याने तो स्वतःच मोडलेला असतो.

धुण्यावर मी जास्त बोलतो असं माझ्या हाताखालचे म्हणतात. कारण आहे. प्लाझ्मात सुटं आयजीजी भरमसाट असतं, एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅमच्या आसपास. एएचजीला पेशीवरचं आयजीजी आणि पाण्यातलं आयजीजी यांत फरक कळत नाही. धुणं कमी पडलं तर दोन थेंब एएचजी पाण्यातल्या आयजीजीतच खर्च होतं आणि पेशींपर्यंत काही पोचत नाही. पॉझिटिव्ह बाळ निगेटिव्ह दिसतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडून हे झालं. मध्यरात्री वीज गेली, तिसऱ्या धुण्याला सेंट्रिफ्यूज अर्ध्यात थांबलं, मी घाईत ट्यूब ओतून एएचजी घातलं आणि निगेटिव्ह लिहिलं. त्या काळी आमच्याकडे चेक सेल घालण्याची शिस्त नव्हती. सकाळी बाळ पिवळं पडलं, सरांनी तीच पेशी परत धुतली तर २+. तेव्हापासून निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक ट्यूबमध्ये मी चेक सेल घालतो.

चेक सेल म्हणजे मुद्दाम आयजीजीचा लेप चढवलेल्या ओ पॉझिटिव्ह पेशी. निगेटिव्ह ट्यूबमध्ये एक थेंब घालून पुन्हा फिरवायचं. एएचजी जिवंत असेल तर या पेशींची गुठळी झालीच पाहिजे. नाही झाली तर एएचजी घातलंच नव्हतं किंवा धुणं कमी पडून ते संपलं; टेस्ट बाद, पहिल्यापासून करा. जेल कार्ड वापरणाऱ्यांना धुणं नसतं, कारण फिरवताना पेशी खाली जातात आणि प्लाझ्मा वर राहतो. पण तुमची टेस्ट ट्यूबची आहे असं धरून चाललोय.

तुमची ट्यूब मात्र पॉझिटिव्ह आहे, तेव्हा उलट बाजूने शंका घ्यायला हवी: हा पॉझिटिव्ह खोटा तर नाही? नाळेच्या रक्तात पहिला संशयित म्हणजे व्हार्टन जेली. नाळ कापून पिळून घेतलेल्या रक्तात ही चिकट जेली उतरते आणि पेशी एकमेकींना चिकटवते. अशा रक्ताला तीन-चार धुण्यांनी भागत नाही, सहा-आठ लागतात. नाळेच्या शिरेतून सुईने रक्त घेतलं तर हा त्रासच नाही. पण तुमच्या बाबतीत जेलीचा गुन्हा सिद्ध होत नाही. जेलीने चिकटलेल्या पेशी अँटी-डीच्या ट्यूबमध्येही चिकटल्या असत्या आणि आरएच कंट्रोलमध्येही. तुमच्याकडे तर अँटी-डीची ट्यूब साफ निगेटिव्ह आहे. गुठळी फक्त एएचजी घातल्यावर होते, म्हणजे पेशींवर खरोखर आयजीजी आहे.

ड्यूचंही उत्तर यातच आहे. ड्यू म्हणजे काय? पेशींवर अँटी-डी घालायचं, ३७ अंशांवर ठेवायचं, धुवायचं आणि एएचजी घालायचं. ज्या पेशींवर आधीच आईचं आयजीजी बसलंय त्यांना एएचजी घातलं की गुठळी होणारच, तुमच्या अँटी-डीने काही केलं असो वा नसो. अँटी-डीऐवजी नुसतं कंट्रोल रसायन घालून ड्यू करा, तीही ४+ येईल. म्हणून डीसीटी पॉझिटिव्ह असलेल्या पेशींवर ड्यूला काही अर्थ नसतो, ती करूच नये. केली तर कंट्रोलसकट करा, आणि कंट्रोल पॉझिटिव्ह आला की निकाल ‘अवैध’ लिहा. ‘ड्यू पॉझिटिव्ह’ लिहून पाठवलं असेल तर तो कागद परत मागवा.

आता डॉक्टरांचा प्रश्न: निगेटिव्ह बाळाची डीसीटी पॉझिटिव्ह कशी? त्यांचं तर्कशास्त्र पक्कं आहे. आईच्या रक्तात फक्त अँटी-डी असेल आणि बाळाच्या पेशींवर डी नसेल, तर अँटी-डी वारेतून येईल, प्लाझ्मात फिरत राहील, पण चिकटायला जागा नसल्यामुळे डीसीटी निगेटिव्हच येईल. म्हणजे ४+ डीसीटी आणि डी निगेटिव्ह ही जोडी दोनच परिस्थितींत जमते. एक, बाळ खरोखर डी पॉझिटिव्ह आहे आणि डी झाकला गेलाय. दोन, बाळ खरोखर निगेटिव्ह आहे आणि पेशींवर बसलेली अँटीबॉडी डीविरुद्धची नाहीच, दुसरीच कसली तरी आहे: अँटी-सी मोठा, अँटी-ई मोठा, अँटी-केल. आई आणि बाळ दोघंही बी असल्यामुळे एबीओचा प्रश्न मिटला. उलट आई-बाळाचा एबीओ जुळतो तेव्हाच आरएचची संवेदना जास्त होते, कारण आईच्या रक्तात शिरलेल्या बाळाच्या पेशी तिच्या अँटी-ए, अँटी-बीकडून लगेच मारल्या जात नाहीत.

तिसरीही एक शक्यता आहे, ती फक्त विचारल्यावर कळते. बाळाला गर्भातच रक्त दिलं होतं का? गर्भात ओ निगेटिव्ह रक्त देतात, दोन-तीनदा दिलं तर जन्मावेळी नाळेत बहुतेक दात्याच्याच पेशी असतात. तेव्हाही गट निगेटिव्ह दिसतो. पण गट ओकडे झुकतो किंवा गुठळीत सुट्या पेशींची मिसळ दिसते आणि डीसीटी कमजोर किंवा निगेटिव्ह असते, कारण दात्याच्या पेशींवर डीच नसतो. अखंड ४+ चकती तिथे बसत नाही. तरी केसपेपर बघा.

या दोनांतली पहिली की दुसरी, हे तुम्ही तिथेच ठरवू शकता. माझ्या शेवटच्या केसमध्ये आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो, तुमच्याशी बरीच मिळतीजुळती आहे. आई बी निगेटिव्ह, तिसरी खेप. पहिलं मूल पॉझिटिव्ह होतं, बाळंतपण घरी झालं, ७२ तासांतलं अँटी-डीचं इंजेक्शन मिळालं नाही. दुसऱ्या वेळी मूल पिवळं झालं आणि प्रकाशोपचारावर बरं झालं, कोणी मागे जाऊन शोध घेतला नाही. तिसऱ्या बाळाच्या नाळेत हिमोग्लोबिन ९.६, बिलिरुबिन ६.१. बाळाचं वजन २ किलो ६०० ग्रॅम. गट बी निगेटिव्ह, कंट्रोल निगेटिव्ह, डीसीटी ४+.

पहिलं काम आईचं. तिची आयसीटी ४+ आली, पॅनेलवर डी असलेल्या प्रत्येक पेशीशी प्रतिक्रिया, डी नसलेल्या एकाशीही नाही. म्हणजे स्वच्छ अँटी-डी, सोबत दुसरं काही दिसलं नाही. टायटर १:५१२, म्हणजे सिरम ५१२ पट पातळ केलं तरी प्रतिक्रिया दिसत होती. एवढा टायटर बघितला की ब्लॉक्ड डीचा विचार आपोआप यायला हवा. कमी टायटरमध्ये सहसा सगळ्या जागा भरत नाहीत.

दुसरं काम, बाळाच्या पेशींवर बसलंय ते उतरवून ओळखणं, म्हणजे इल्यूशन. आमच्याकडे आम्ल-ग्लायसिनचं किट होतं. तुमच्याकडे नसेल तर उष्णतेने करा: पेशी सहा वेळा नीट धुवायच्या, घट्ट पेशी आणि सलाईन समसमान, ५६ अंशांच्या पाण्यात १० मिनिटं, मधूनमधून हलवत. गरम असतानाच जोरात फिरवून वरचं चेरीच्या रंगाचं पाणी काढून घ्यायचं. हे इल्युएट. उष्णतेची पद्धत खरी चांगली एबीओच्या अँटीबॉडीसाठी. आरएचला आम्लाची पद्धत जास्त उतारा देते. पण ४+ डीसीटीत माल इतका असतो की कामापुरतं निघतं. एक गोष्ट विसरू नका: शेवटच्या धुण्याचं सलाईन फेकू नका, तेही इल्युएटच्या शेजारी त्याच पेशींवर लावा. ते निगेटिव्ह आलं तरच म्हणता येतं की इल्युएटमधली अँटीबॉडी पेशींवरून उतरलेली आहे, मागे राहिलेल्या प्लाझ्मातली नव्हे. आमचं शेवटचं सलाईन निगेटिव्ह, इल्युएट फक्त डी पॉझिटिव्ह पेशींशी ३+. खरं तर केस इथेच सुटली. बाळाच्या पेशींवरून अँटी-डी उतरलं, म्हणजे ते डीवरच बसलेलं होतं. डी नसलेल्या पेशीवर ते बसलंच नसतं.

तरी सरांनी गट डोळ्यांनी दाखवा म्हटलं. म्हणून तिसरं काम: पेशी न मारता लेप सैल करणं. ५६ अंशांवर पेशी फुटतात आणि गटाच्या कामाच्या राहत नाहीत, म्हणून इथे ४५ अंश. धुतलेल्या पेशी आणि सलाईन समसमान, ४५ अंशांवर, सारखं हलवत. दहा मिनिटांनी थोड्या पेशी काढून धुतल्या: डीसीटी ३+, अँटी-डीशी संशयास्पद बारीक कण. वीस मिनिटांनी पुन्हा: डीसीटी १+, अँटी-डीशी २+, आरएच कंट्रोल साफ निगेटिव्ह. शेजारी एका ज्ञात पॉझिटिव्ह आणि एका ज्ञात निगेटिव्ह माणसाच्या पेशी याच प्रक्रियेतून नेल्या होत्या. पॉझिटिव्ह पॉझिटिव्हच राहिली, निगेटिव्ह निगेटिव्ह. नाहीतर कोणी म्हणालं असतं, तापवल्याने काहीतरी झालं. अर्ध्या तासापलीकडे तापवत बसू नका, डीच खराब व्हायला लागतो. झाकणाखालून डी बाहेर येताना बघायला मजा येते हे खरं, पण बाळाच्या उपचारासाठी या तिसऱ्या कामाची वाट बघत थांबू नये.

कारण रक्त द्यायचा निर्णय त्याच्याआधीच होतो. बाळाचा डी खरा काय हे कळो वा न कळो, रक्त निगेटिव्हच जाणार, कारण आईच्या अँटी-डीने दात्याच्या पॉझिटिव्ह पेशीही मारल्या असत्या. मॅच आईच्या सिरमशी करायचा, बाळाच्या नव्हे. अँटीबॉडीचा साठा तिथे आहे. आमच्या बाळाला दुप्पट आकारमानाची रक्तबदली ठरली: ८५ मिलिलिटर गुणिले २.६ किलो गुणिले दोन, म्हणजे साधारण ४४० मिलिलिटर. बी निगेटिव्ह, पाच दिवसांच्या आतलं. आपल्याकडे आरएच निगेटिव्ह शंभरात पाचेक माणसं, त्यातून बी आणि त्यातून ताजं. तीन तास फोन चालू होते. दुप्पट बदलीत बाळाच्या लेप चढलेल्या पेशींपैकी साधारण ८५ टक्के निघून जातात, म्हणजे पुढचं बिलिरुबिन ज्यातून तयार होणार तो मालच जातो. बिलिरुबिन स्वतः मात्र निम्म्याने उतरतं आणि ऊतींमधून पुन्हा रक्तात येतं, म्हणून चार-सहा तासांनी ते परत चढलेलं दिसलं तर घाबरून जायचं कारण नाही, पण मोजत राहायचं.

नाळेत बिलिरुबिन फक्त ६ का, असं एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं होतं. गर्भात बाळाच्या पेशी प्लीहेतले मॅक्रोफेज खातच असतात, पण बिलिरुबिन वारेतून आईकडे जातं आणि तिचं यकृत ते निस्तरतं. नाळ कापली की ही सोय बंद, आणि बाळाचं कच्चं यकृत एकटं पडतं. म्हणून नाळेतला आकडा लहान दिसला तरी पुढच्या बारा तासांत तो कुठे जाणार याचा अंदाज डीसीटीवरून आणि हिमोग्लोबिनवरून घेतात.

इथे एक सावधगिरी. आरएचच्या केसमध्ये ४+ म्हणजे गंभीर असण्याची शक्यता खूप. पण डीसीटी पेशी फुटताहेत का हे मोजत नाही, लेप आहे का एवढंच मोजते. आईला २८ व्या आठवड्यात अँटी-डीचं ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन दिलं असेल तर त्यातलं थोडं वार ओलांडतं, आणि ठणठणीत पॉझिटिव्ह बाळाची डीसीटी कमजोर पॉझिटिव्ह येते. हिमोग्लोबिन नीट, रेटिक्युलोसाइट नीट, कावीळ नाही. अशा बाळावर ‘आजार’ असा शिक्का मारू नका, आईच्या इंजेक्शनची तारीख विचारा.

उलट टोकाला ओ गटाची आई. आपल्याकडे ओ आई आणि बी बाळ ही जोडी रोज दिसते. पहिल्या चोवीस तासांत बाळ पिवळं, स्मिअरमध्ये गोल टपोऱ्या स्फेरोसाइट पेशी, आणि डीसीटी १+ किंवा चक्क निगेटिव्ह. टेस्ट चुकलेली नसते. नवजाताच्या पेशीवर ए-बीच्या जागा कमी आणि पुरत्या फुटलेल्या नसतात. शिवाय आईचं बरंचसं अँटी-बी बाळाच्या इतर ऊतींवर आणि प्लाझ्मातल्या विरघळलेल्या बी पदार्थावर अडकतं. पेशीमागे तो शंभर-पाचशेचा उंबरठा ओलांडलाच जात नाही, पण पेशी खाल्ल्या मात्र जातात. इथे इल्युएट करा आणि मोठ्या माणसाच्या बी पेशींवर लावा. त्यांच्यावर जागा भरपूर असतात, म्हणून डीसीटी निगेटिव्ह असतानाही इल्युएट पॉझिटिव्ह निघू शकतं. त्यामुळे ओ आईच्या बाळाची डीसीटी निगेटिव्ह आली म्हणून रक्तविघटन नाही असं मी कधी लिहीत नाही. तुमच्या केसमध्ये ही भानगड नाही, पण रात्रपाळीला याच फोनने जास्त वेळा उठवलं जाल.

आता तुमच्या रिपोर्टवर काय लिहायचं. ‘बी निगेटिव्ह’ लिहू नका आणि सिद्ध होईपर्यंत ‘बी पॉझिटिव्ह’ही लिहू नका. आम्ही असं लिहिलं होतं: “एबीओ गट बी. पेशींवर आयजीजीचा दाट लेप असल्याने डी गट सध्या ठरवता येत नाही. डीसीटी ४+. इल्युएटमध्ये अँटी-डी, म्हणून बाळ डी पॉझिटिव्ह असल्याचं गृहीत धरावं. रक्त द्यायचं झाल्यास डी निगेटिव्ह, आईच्या सिरमशी मॅच केलेलं द्यावं.” डॉक्टरांना फोनवरही हेच वाक्य सांगा, म्हणजे ‘एक रिपोर्ट चुकलाय’ हा वाद संपतो. आईला आता अँटी-डीचं इंजेक्शन देऊन उपयोग नाही, तिचं शरीर अँटी-डी बनवायला आधीच शिकलंय. पण तिच्या केसपेपरवर टायटर ठळक लिहा. पुढच्या खेपेला पहिल्या तपासणीपासून टायटर आणि पुढे गर्भाच्या मेंदूच्या धमनीचा डॉप्लर लागणार आहे.

आणखी एक गोष्ट. रक्तबदलीनंतर बाळाच्या अंगात दात्याच्या निगेटिव्ह पेशी असतात, त्यामुळे पुढचे काही महिने कुठेही गट केला तरी बी निगेटिव्हच येईल, आणि घरच्यांच्या कार्डावर तोच कायमचा बसेल. शेवटचं रक्त दिल्यापासून तीन-चार महिने उलटले की गट परत करून घ्या असं सोडताना लेखी द्या. आमची ती मुलगी पाच महिन्यांनी आली तेव्हा बी पॉझिटिव्ह होती, डीसीटी निगेटिव्ह, ट्यूबमध्ये धुराची एक रेघ.